चित्र पाठवायचं की फाइल?

कार्यशाळेचं अंदाजपत्रक गूगल शीटमध्ये तयार होतं. साहेबांनी तपासायला मागितलं.

“स्क्रीनशॉट टाकतो मॅडम, मोबाइलवर लगेच दिसेल.”

“बेरजेच्या चौकटीवर क्लिक कर आधी.”

तिथे `=SUM(C2:C14)` होतं. प्रवासखर्चाचे १८,५०० रुपये मात्र नंतर घातलेल्या पंधराव्या ओळीत. ते बेरजेत आलेच नव्हते. स्क्रीनशॉटमध्ये नुसता आकडा दिसतो, त्यामागचं सूत्र नाही. साहेबांनी कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज केली असती तरच चूक सापडली असती, आणि इतका वेळ कोणाला असतो?

“मग लिंक देतो, Editor म्हणून.”

“नको, Commenter दे. सूत्र दिसेल, शेरा त्याच चौकटीला चिकटेल, पण चुकून आकडा बदलणार नाही. आणि ते मानधनाचं पान?”

“लपवलंय की.”

“लपवलेलं पानही फाइलची प्रत काढली की उघडता येतं. अंदाजपत्रकापुरती वेगळी फाइल कर.”

स्क्रीनशॉट अगदीच टाकाऊ नाही. मोबाइलवर रकाने कसे तुटतात हे दाखवायला तोच हवा. हिशेब तपासायचा असेल, तर फाइलच मागा.