घडी मोडा, मगच बिलाचा फोटो काढा

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराने तेलाचे पाच डबे आणले, दर २,१०० रुपये. ठोक व्यापाऱ्याचं बिल चार घड्या होऊन शर्टाच्या खिशातून दुकानात आलं. ट्यूबखाली फोटो काढला, तर हिशेबाच्या अ‍ॅपने दर वाचला २,७००. बिलावरचे आकडे इंग्रजी. घडीची बारीक सावली नेमकी 1 च्या डोक्यावर आली आणि त्याचा 7 झाला.

म्हणून पहिलं काम कागद सपाट करण्याचं. घडी उलट बाजूने दुमडा, हाताने दाबा आणि बिल दहा मिनिटं जाड खतावणीखाली ठेवा. कागद फुगलेला असला की ओळ वाकते, आणि एका मालाची रक्कम शेजारच्या मालासमोर जाऊन बसते. ही चूक सर्वांत वाईट, कारण प्रत्येक आकडा बरोबर दिसतो, फक्त जागा चुकलेली असते. वरून काच ठेवण्याचा मोह टाळा, तिच्यात दिवा चमकतो. चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली तरी पुरे, मात्र ती अक्षरांवर येऊ देऊ नका. खाली गडद रंगाचा पुठ्ठा असला, तर अ‍ॅपला कागदाच्या कडा चटकन सापडतात.

गल्ल्यावरची ट्यूब डोक्यावर असते, त्यामुळे मोबाईलची आणि हाताची सावली बिलावरच पडते. त्यापेक्षा दाराजवळ या. उजेड बाजूने आणि सगळीकडे सारखा पडू द्या, थेट ऊन मात्र नको. फ्लॅश बंदच ठेवा. गुळगुळीत थर्मल कागदावर त्याचा पांढरा डाग उमटतो आणि त्याखालची अक्षरं कायमची जातात.

आता अंतर. फार जवळ गेलात तर फोकस लागत नाही, फार लांबून अक्षरं बारीक येतात. ए-४ बिलाने चौकट जवळजवळ भरली की १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून इंचाला सुमारे ३०० ठिपके मिळतात, तेवढे छापील अक्षरांना पुरतात. चौकटीची अर्धीच लांबी भरली, तर ठिपकेही निम्मेच. मोबाईल कागदाला समांतर धरा, नाहीतर वरच्या ओळी आखडतात. लांबलचक बिल दोन-तीन फोटोंत घ्या, प्रत्येकात आधीच्या दोन-चार ओळी पुन्हा येऊ द्या. फोटो व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, एरवी तो आकसतो.

शेवटी गुणाकार करा. पाच डबे गुणिले २,७०० म्हणजे १३,५००, आणि बिलात रक्कम १०,५००. आमच्या दुकानदाराला चूक इथेच सापडली. जीएसटी क्रमांकही पाहा: तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याचा २७ ने सुरू होतो, आणि तिसऱ्या ते सातव्या जागी फक्त अक्षरंच येतात. तिथे 8 दिसला, तर मूळ अक्षर बहुधा B असणार.

थर्मल बिल उष्णतेने आणि उजेडाने फिकं पडतं. त्याचा फोटो त्याच दिवशी काढा.