गल्ल्यातली रोकड आणि दवाखान्याची कमाई

डॉक्टरांच्या रोख हिशेबात वर्षभरात ६,००,००० रुपये फी जमा दिसते, पण ती सगळी याच वर्षाची नसते. त्यातले ४०,००० मागच्या वर्षीच्या थकबाकीचे असल्याने वजा होतात; यंदा तपासलेल्या रुग्णांकडून येणे असलेले ५५,००० मिळवले जातात. उत्पन्न ठरते ६,१५,०००.

भाडे, पगार, औषधे यांचे ३,२०,००० हा यंदाचाच खर्च. १ ऑक्टोबरला ८०,००० रुपयांना घेतलेले ईसीजी यंत्र मात्र मालमत्ता आहे. खर्चात येतो फक्त घसारा: १५ टक्के दराने, ३१ मार्चपर्यंतच्या सहा महिन्यांचा, ६,००० रुपये. बारा महिन्यांचा घसारा लावणे ही नेहमीची चूक. जुनी उपकरणे नसतील, तर शिल्लक उत्पन्न २,८९,००० येते. रोकड मात्र दोनच लाखांनी वाढलेली असते.

घरखर्चासाठी काढलेली रक्कम ही उचल. ती भांडवलातून वजा होते.