एम की एल? तक्त्याच्या फोटोवरून कुर्त्याचा साइज

व्हॉट्सअॅपवरून तयार कुर्ता मागवला की विक्रेता कुर्त्याच्या फोटोंसोबत साइजच्या तक्त्याचाही एक फोटो पाठवतो. डावीकडे एस, एम, एल, एक्सएल ही अक्षरं आणि वरच्या ओळीत छाती, कंबर, शोल्डर, बाही, उंची असे रकाने. लागोपाठच्या दोन साइजमध्ये छाती आणि कंबर यांत बहुधा २ इंचांचं अंतर असतं. शरीर मात्र या पायऱ्यांवर नेमकं बसेलच असं नसतं. पुष्कळदा छाती एका साइजमध्ये जाते आणि कंबर पुढच्या. अशा वेळी नुसत्या अक्षरावर भरवसा ठेवून उपयोग नाही, कारण एका कंपनीचा एम दुसरीच्या एलएवढा निघू शकतो. भारतीय शरीरांची मापं घेऊन देशासाठी एकच तक्ता ठरावा म्हणून ‘निफ्ट’ या संस्थेने ‘इंडियासाइज’ नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं. त्यासाठी मुंबईसह सहा शहरांत २५,००० लोकांची मापं त्रिमिती स्कॅनरने घेण्याची योजना आखली गेली. पण बाजारात अजून ज्याचा त्याचा तक्ता चालतो. म्हणून निवड करायची ती आकड्यांवरून.

आकडे वाचण्याआधी ते कशाचे आहेत हे ओळखावं लागतं. तक्ते दोन प्रकारचे असतात. एकात अंगाची मापं दिलेली असतात, म्हणजे एवढी छाती असलेल्या बाईने हा साइज घ्यावा. दुसऱ्यात तयार कपड्याची मापं असतात, म्हणजे शिवलेल्या कुर्त्याचा छातीवरचा घेर एवढा आहे. चूक होते ती बहुतेक वेळा इथेच. छाती ३८ इंच म्हणून कपड्याच्या तक्त्यातला ३८चा साइज मागवला, तर तो कुर्ता अंगात शिरतच नाही किंवा शिरला तरी हात वर करता येत नाही. फोटो काढताना तक्त्याचं शीर्षक कापलं गेलं असेल, तर आकड्यांवरूनच अंदाज घ्यावा लागतो. एका साइजसमोर ‘३६ ते ३८’ अशी कक्षा असेल, तर तो अंगाचा तक्ता समजावा. कपड्याचं माप एकच असतं, त्याला कक्षा नसते. दुसरी खूण छाती आणि कंबर यांतल्या फरकाची. अंगाच्या तक्त्यात हा फरक साधारण ६ ते ८ इंच दिसतो. सरळ कुर्ता मात्र कमरेत फारसा आत घेतलेला नसतो, त्यामुळे कपड्याच्या तक्त्यात तो २ ते ४ इंचांवर येतो. छातीच्या रकान्यात १९, २०, २१ असे आकडे असतील, तर कुर्ता सपाट अंथरून एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत मोजलेला आहे. त्याची दुप्पट करायची. ९६, १०२, १०७ असे आकडे असले तर ते सेंटिमीटर आहेत, त्यांना २.५४ने भागलं की इंच मिळतात.

एवढं करूनही शंका राहिली तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: ‘हे माप कुर्त्याचं आहे की अंगाचं?’ ‘एम कोणाला बसेल?’ असं विचारलं तर उत्तर अंदाजाने येतं, आणि त्या अंदाजाची जबाबदारी कोणी घेत नाही.

फोटोत आणखी एक अडचण असते. कागद तिरका धरलेला असतो, त्यावर ट्यूबलाइटची चमक आलेली असते, आणि फोटो इकडून तिकडे पाठवला जाताना तो धूसर झालेला असतो. ३ आणि ८, ० आणि ६ यांची गल्लत मग सहज होते. यावर उपाय तक्त्यातच असतो. रकान्यातले आकडे ठरावीक पायरीने चढतात. छातीच्या रकान्यात ३८, मग न वाचता येणारा आकडा, मग ४२ आणि ४४ असं दिसत असेल, तर मधला आकडा ४० असणार. जिथे पायरी अचानक मोडते तिथे एकतर वाचण्यात चूक झाली आहे, किंवा तो छापण्यातलाच दोष आहे. तक्ता तिरका असला की नजर नकळत एका ओळीवरून दुसरीवर घसरते. स्क्रीनवर कागदाची सरळ कड आडवी धरून ओळ वाचली की एमची छाती आणि एलची कंबर अशी सरमिसळ होत नाही.

आता अंगाचं माप. छातीसाठी टेप बगलेखालून, छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून आणि पाठीवर खाली न घसरू देता जमिनीला समांतर धरावी. कुर्त्याच्या आत जे अंतर्वस्त्र घालायचं तेच मापाच्या वेळी अंगावर असावं, कारण पॅड असलेल्या आणि साध्या अंतर्वस्त्रात सहज इंचभराचा फरक पडतो. श्वास नेहमीसारखा सोडावा आणि टेप टेकवावी, आवळू नये. कंबर मोजताना चूक जास्त होते. सलवारची नाडी बांधतात ती जागा खाली असते. कुर्त्याच्या तक्त्यातली कंबर ही तिच्या वरची, शरीराची आत गेलेली जागा. एका कुशीला वाकल्यावर जिथे घडी पडते तीच ती. तयार कुर्त्यात ही जागा खांद्यापासून १४ ते १५ इंचांवर धरलेली असते. पोट सुटलेलं असेल तर त्या उंचीवर आणि त्याच्या थोडं खाली अशी दोन मापं घ्यावीत आणि मोठं ते धरावं. बसल्यावर कंबर इंचभर तरी वाढते हेही लक्षात ठेवावं.

अंगाचं माप आणि कपड्याचं माप यांतला फरक म्हणजे सैलपणा. शिंपी त्याला लूजिंग म्हणतात. न ताणणाऱ्या सुती कापडाच्या कुर्त्याला छातीवर साधारण ३ ते ४ इंच लूजिंग लागतं. त्याहून कमी असेल तर हात पुढे नेताना पाठीत ओढ बसते. सरळ कुर्त्याला कमरेतही निदान ३ इंच हवेत. होजियरीच्या किंवा लायक्रा मिसळलेल्या कापडाला १ इंच पुरतो, कधी तेवढाही लागत नाही. मात्र ताणणाऱ्या कापडालाही आतून साधं सुती अस्तर असेल, तर हिशेब सुती कुर्त्याचाच करावा. अस्तर ताणलं जात नाही.

एक उदाहरण पाहू. अंगाची छाती ३६ इंच, कंबर ३४. पन्नाशीच्या आसपास अनेक बायकांची मापं अशी जवळ येतात. कुर्ता सुती, सरळ, अस्तर नसलेला. तक्ता तयार कपड्याचा: एमची छाती ४०, कंबर ३६, एलची छाती ४२, कंबर ३८. एममध्ये छातीवर ४ इंच लूजिंग मिळतं, म्हणजे अगदी हवं तेवढं, पण कमरेत फक्त २ मिळतं. एलमध्ये छातीवर ६ आणि कमरेत ४. छाती एम म्हणते, कंबर एल म्हणते.

यात धुलाईचा हिशेब मिळवावा. आधी आटवून न घेतलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं. कापड बहुधा लांबीकडे जास्त आणि रुंदीकडे कमी आटतं. तरी रुंदीत ३ टक्के धरले, तर एमची ३६ची कंबर ३५वर येते. लूजिंग उरतं जेमतेम १ इंच, आणि तो बसल्यावर संपतो. एलची कंबर ३७च्या थोडी खाली येते आणि जवळजवळ ३ इंच हातात राहतात. छातीवर पावणेपाच इंच राहतात, ते थोडे जास्त आहेत, पण त्रास देणारे नाहीत. तेव्हा या मापांना एल घ्यावा.

यामागचं कारण शिवणकामातलं आहे. मोठा कुर्ता बाजूच्या शिलाईतून आत घेता येतो. दोन्ही बाजूंना जुन्या शिलाईपासून पाव इंच आत नवी टिप मारली की पूर्ण घेर १ इंचाने कमी होतो. लहान कुर्ता सैल करायचा तर आत मार्जिन सोडलेलं हवं. तयार कपड्यात ते पुष्कळदा पाव इंचाचं आणि ओव्हरलॉकने कापलेलं असतं, म्हणजे उसवूनही काही मिळत नाही. ज्या कुर्त्यात अर्धा इंच मार्जिन आहे, त्यातही पाव इंच राखून उरलेलं सोडलं तर फार तर १ इंच घेर वाढतो आणि जुन्या सुईची भोकं रेषेसारखी दिसत राहतात.

मोठा साइज घेण्यालाही मर्यादा आहे, आणि ती खांद्याची. साइज चढला की शोल्डरही अर्ध्या इंचाच्या आसपास वाढतो आणि मुंढा खोल होतो. बाजूच्या शिलाईने हे दोन्ही दुरुस्त होत नाहीत. बाही उसवून मुंढा पुन्हा कापावा लागतो, आणि त्याची मजुरी स्वस्त कुर्त्याला परवडत नाही. म्हणून छाती आणि कंबर यांच्यात वाद असेल तेव्हा शोल्डरच्या रकान्याला मत द्यावं. अंगावर दोन्ही खांद्यांच्या हाडांच्या टोकांतलं अंतर मोजून ते दोन साइजच्या शोल्डरशी ताडावं. वरच्या उदाहरणात अंगाचा शोल्डर १४ आणि एलचा साडेचौदा असेल तर एल चालेल. एलचा साडेपंधरा असेल, तर बाहीची शिलाई दंडावर उतरेल. तेव्हा एम किंवा एल असा प्रश्नच उरत नाही. कमरेपासून खाली घेर सुटलेला ए-लाइन कुर्ता पाहावा. त्यात पोटावर कापड मोकळं पडतं आणि एमनेच काम भागतं.

मापं उलट असली तर निर्णय सोपा होतो. छाती ३८, कंबर ३०. छातीला एल हवा, कंबर एसमध्येही बसते. इथे छातीवरून एल घ्यावा आणि कंबर शिंप्याकडून आत घेऊन घ्यावी. छातीवर तंग कुर्ता कोणत्याही टिपेने सुधारत नाही.

अंगाच्या मापाऐवजी घरातला नीट बसणारा कुर्ताही वापरता येतो आणि ही पद्धत जास्त खात्रीची असते, कारण तो कुर्ता धुऊन आटून झालेला असतो. त्याच जातीच्या कापडाचा कुर्ता बटणं लावून टेबलावर सपाट अंथरावा, सुरकुत्या हाताने काढाव्यात, पण कापड ताणू नये. मुंढ्याच्या इंचभर खाली आडवं मोजून दुप्पट करावं. कंबर खांद्यापासून १४ इंचांवर तशीच मोजावी. हे आकडे कपड्याच्या तक्त्याशी थेट जुळवावेत आणि नवा कुर्ता आटणार असेल तर त्यांत इंचभर मिळवावा.

कुर्ता घरी आला की टॅग काढण्याआधी तो घालून पाहावा. बगलेपासून बगलेपर्यंत आडव्या सुरकुत्या ताणल्या गेल्या किंवा पुढची पट्टी दोन बटणांच्या मध्ये उघडली, तर छाती कमी पडली आहे. कापड कमरेच्या वर गोळा होत असेल आणि खाली ओढल्यावर परत वर चढत असेल, तर कंबर कमी पडली आहे. खुर्चीत बसून पाहावं; बाजूचे कट ताणून उघडत असतील तर कमी पडलं आहे ते सीटचं माप, आणि त्याचा रकाना कुर्त्याच्या बऱ्याच तक्त्यांत नसतोच. तो नसेल तर कट कमरेपासून किती खाली सुरू होतो हे मागवण्याआधी विचारून घ्यावं. कट सीटच्या वर सुरू होत असेल, तर छाती आणि कंबर ही दोन मापं पुरेशी ठरतात.