शिक्षकाची वही आणि पीएच.डी.चा अर्ज

शाळेत दहा-बारा वर्षे अध्यापन केलेला शिक्षक भाषाविज्ञानात पीएच.डी. करण्याची इच्छा बाळगतो, तेव्हा अर्जासोबतच्या निवेदनात तो बहुधा आपल्या सेवेची वर्षे, लावलेले निकाल आणि भाषेविषयीची आस्था नमूद करतो. निवड समितीला मात्र याहून वेगळे काही हवे असते. प्रश्न कसा पाडावा, पुरावा कसा गोळा करावा आणि आपलेच अनुमान चुकीचे ठरू शकेल काय हे कसे तपासावे, हे या उमेदवारास कळते किंवा नाही, एवढेच समिती पाहते. शिक्षकाच्या अनुभवात या तिन्ही गोष्टींचा पुरावा असू शकतो. तो निवेदनात कसा मांडावा, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू.

मेळघाटातील एक वर्ग

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत कोरकू भाषा बोलणाऱ्यांची मोठी वस्ती आहे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून मराठी व हिंदी या आर्यभाषांशी तिचे कुळाचे नाते नाही. येथील प्राथमिक शाळेत शिकविणाऱ्या एका शिक्षकाने निवेदनाच्या पहिल्या खर्ड्यात लिहिले : ‘कोरकू मुले मराठी लिंगात फार चुका करतात. त्यावर संशोधन करण्याची माझी इच्छा आहे.’

हे निरीक्षण खरे असले, तरी तो पुरावा नव्हे. ‘फार’ म्हणजे किती, हे त्यातून समजत नाही. चुका कशामुळे होतात, याविषयीही त्यात काही नाही. मूल अनियमित येते, घरी मराठी कानावर पडत नाही, वय लहान आहे, किंवा मातृभाषेची घडणच निराळी आहे, अशी अनेक कारणे संभवतात. ‘मूल मंद आहे’ हा शेराही याच संदिग्धतेतून पडतो. कारणांची निवड करता येईल अशा रीतीने निरीक्षण मांडणे, हेच निवेदनाचे खरे काम होय.

मराठीत तीन लिंगे आहेत : बैल आला, गाय आली, वासरू आले. कोरकूच्या व्याकरणात अशी त्रिविध विभागणी नाही. तेथे सजीव व निर्जीव हा भेद महत्त्वाचा आहे. उलट, मराठीतील एक भेद कोरकूतही आहे. ऐकणाऱ्यास वगळून ‘आम्ही’ आणि ऐकणाऱ्यास धरून ‘आपण’, असे दोन निराळे शब्द मराठीप्रमाणेच कोरकूतही आहेत. हिंदीत दोहोंसाठी ‘हम’ हा एकच शब्द चालतो.

यातून तपासता येईल असे भाकीत तयार होते. चुकांचे मूळ मातृभाषेत असेल, तर कोरकू मुले लिंगात चुकतील, पण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत सहसा चुकणार नाहीत. मूळ केवळ गैरहजेरीत किंवा दुर्लक्षात असेल, तर दोन्ही ठिकाणी चुका दिसतील. हिंदीभाषक घरांतील मुलांची वही शेजारी ठेवली, तर ‘आम्ही’ व ‘आपण’ यांत अडखळण्याचे प्रमाण तेथे अधिक आढळावे.

चुका मोजण्यापूर्वी

शिक्षक लाल शाईने चुका मोजतो. संशोधकास त्यापूर्वी चूक होण्याच्या जागा मोजाव्या लागतात. ज्या ज्या वाक्यात नामाच्या लिंगानुसार क्रियापद, विशेषण किंवा ‘माझा-माझी-माझे’ असे रूप बदलावे लागते, ते प्रत्येक स्थळ नोंदवावयाचे. समजा, एका वर्गाच्या वह्यांत अशी ३०० स्थळे मिळाली आणि त्यांपैकी ९० ठिकाणी रूप चुकले. ‘आम्ही’ व ‘आपण’ यांची ६० स्थळे मिळाली आणि त्यांत ४ चुका निघाल्या. आता तीस टक्के व सुमारे सात टक्के, अशी तुलना शक्य झाली. नुसत्या ‘९० चुका’ म्हणून काही सिद्ध होत नाही. जे मूल अधिक लिहिते, त्याच्या चुकाही अधिकच दिसणार.

मिळालेल्या चुका पुन्हा वेगळ्या कराव्या लागतात, कारण मेळघाटातील मुलांच्या कानी बाजारात हिंदीही पडते. ‘पुस्तक’ हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी, तर हिंदीत स्त्रीलिंगी आहे. मुलाने ‘पुस्तक फाटली’ असे लिहिले, तर हिंदीची छाया संभवते. ‘पुस्तक फाटला’ असे लिहिले, तर हिंदीकडे बोट दाखविता येत नाही. ‘घर पडला’ यावरून मात्र निर्णय होत नाही. ‘घर’ हिंदीत पुल्लिंगीच आहे. निवेदनात अशी दोन-तीन वाक्ये मुलाने लिहिली तशीच द्यावीत आणि त्यांचा अर्थ सांगावा. कित्येक पानांच्या अनुभवकथनापेक्षा समितीला त्यातून अधिक कळते.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. वऱ्हाडीत ‘डोळा’ ऐवजी ‘डोया’ म्हणतात. ही बोलीची रीत होय, चूक नव्हे. शुद्धलेखनाच्या कसोटीवर खूण करण्याची शिक्षकाची सवय येथे आड येते. नोंदींचा काही भाग दुसऱ्या जाणकाराकडून, मूल कोणत्या घरचे हे न सांगता, तपासून घ्यावा. दोघांच्या खुणा जुळत नसतील, तर नियमच अस्पष्ट आहे असे समजावे.

मर्यादा सांगणे

उत्तम निवेदन आपल्या पुराव्याची मर्यादा स्वतःच सांगते. एकाच शाळेच्या वह्या सर्व मेळघाटाविषयी बोलू शकत नाहीत. मूल निबंधात कठीण रूप टाळते, म्हणून तोंडी प्रश्नांचीही जोड हवी. त्याच शाळेतील मराठीभाषक मुलांचे लेखन तुलनेसाठी नसेल, तर वयाचे कारण निकालात काढता येत नाही. शिक्षक ध्वनिलेखन शिकलेला नसेल, तर तसे लिहून अभ्यासक्रमाच्या काळात ते शिकण्याचा इरादा नोंदवावा. मुलांवर शिक्षकाचा अधिकार चालतो. म्हणून पालकांची संमती घ्यावी आणि नावांऐवजी क्रमांक वापरावेत.

निवेदनाचा क्रम साधारणतः असा राहावा : प्रश्न, वर्गातील नोंद, ती कशी गोळा केली, तिच्यातून काय निघते व काय निघत नाही, आणि पुढील आराखडा. सेवेची वर्षे एका वाक्यात आटोपावीत.

प्रवेशाची वाट

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पदव्युत्तर पदवीत सर्वसाधारणपणे ५५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. २०२४-२५ पासून नेट परीक्षेचे गुणही प्रवेशासाठी धरले जातात. त्या मार्गाने केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरलेल्यांच्या बाबतीत परीक्षेला ७० व मुलाखतीला ३० टक्के भार असतो. नोंदींची खरी परीक्षा मुलाखतीत होते. वर्गाच्या वहीतून आलेल्या प्रश्नावर उमेदवार तेथे ठामपणे बोलू शकतो.

अर्धवेळ पीएच.डी.ची तरतूदही त्याच विनियमांत आहे. तीसाठी नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. अभ्यासास पुरेसा वेळ मिळेल आणि आवश्यक तर अभ्यासक्रमासाठी कार्यमुक्त केले जाईल, असे त्यात नमूद असावे लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकासाठी हा निर्णय कार्यालयातील टेबलावर होतो. असा अर्ज समोर येताच शिक्षकाची नोंदवही मागवून पाहावी. मुलांनी लिहिलेली वाक्ये, तारखा आणि घरची भाषा त्यात व्यवस्थित नोंदलेली असतील, तर संशोधनाचे काम त्या शाळेत आधीच सुरू झालेले आहे.