रिपोर्टवरचा वर चढलेला छोटा आकडा

पावसाळा सरता सरता आमच्या पाचोडमध्ये तापाचे रुग्ण वाढतात. अशाच दिवसांत आमची सतरा वर्षांची भाची चार दिवस तापाने पडून होती. डॉक्टरांनी रक्ताची तपासणी लिहून दिली. लॅबमधून संध्याकाळी मोबाइलवर टाइप केलेला मजकूर आला. त्यात एक ओळ होती:

`Platelets 210 x 103/uL`

घरातल्या मुलाने लगेच मोबाइलवर गुणाकार केला. दोनशे दहा गुणिले एकशे तीन, म्हणजे २१,६३०. डेंग्यूच्या साथीत "प्लेटलेट वीस हजारांवर आल्या" याचा अर्थ आता गावात सगळ्यांना कळतो. अम्मी तसबीह घेऊन बसल्या आणि मामूंनी संभाजीनगरला न्यायला गाडी सांगितली. गाडी येईपर्यंत आम्ही लॅबमध्ये फोन करून छापील रिपोर्टचा फोटो मागवला. त्यावर 103 नव्हते, 10³ होते. टाइप करताना वर चढलेला तीन खाली उतरला होता, एवढेच!

10³ म्हणजे तीन दहांचा गुणाकार: एक हजार. दोनशे दहा हजार, म्हणजे २ लाख १० हजार प्लेटलेट. अगदी निरोगी आकडा.

आम्ही घाबरलो नसतो, तर चूक त्या मजकुरातूनही कळली असती. शेजारीच सामान्य मर्यादा 150–410 अशी दिली होती, आणि तिलाही तेच एकक लागू होते. 103 ने गुणायचे असते, तर धडधाकट माणसाच्या प्लेटलेट साधारण १५ हजार ते ४२ हजार निघाल्या असत्या. निरोगी माणसाच्या प्लेटलेट दीड लाखाच्या पुढे असतात, हे तर आपण ऐकून असतो. म्हणून आकडा विचित्र वाटला की आधी त्याच ओळीतली मर्यादा पाहावी. तरी शंका राहिलीच, तर लॅबला किंवा डॉक्टरांना फोन करावा. तापाच्या रुग्णाबाबत अंदाजावर थांबू नये.

दुसरा गोंधळ वेगवेगळ्या लॅबच्या लिहिण्यातून होतो. एक लॅब "२.१ लाख" लिहिते, दुसरी 210 × 10³/µL आणि तिसरी 210 × 10⁹/L. हे तिन्ही आकडे एकच आहेत. µL म्हणजे मायक्रोलिटर, लिटरचा दहा लाखावा भाग. एका लिटरमध्ये असे दहा लाख, म्हणजे 10⁶ थेंबुकले मावतात. एका थेंबुकल्यातला आकडा लिटरचा करायचा तर 10⁶ ने गुणायचे. दहाचे घात गुणताना वरचे आकडे फक्त मिळवायचे असतात: तीन आणि सहा, नऊ.

मोठ्या संख्यांना नावे देण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. लाख म्हणजे 10⁵, कोटी 10⁷, अब्ज 10⁹. परार्धापर्यंतची अशी अठरा स्थाने अल-बिरुनी यांनी हजार वर्षांपूर्वी आपल्या हिंदुस्थानावरच्या ग्रंथात नोंदवली होती. घातात लिहिले की ही नावे पाठ करावी लागत नाहीत. वरचा आकडाच शून्ये किती ते सांगतो.

भाचीच्या त्याच रिपोर्टवर तांबड्या पेशी 4.1 × 10¹²/L आणि पांढऱ्या पेशी 7.2 × 10⁹/L होत्या. चारपेक्षा सात मोठा, म्हणून पांढऱ्या जास्त, असे तिच्या भावाने सांगून टाकले. इथेच नजर फसते. आधी वरचा आकडा पाहायचा: बारा आणि नऊ. तीनचा फरक म्हणजे हजार पट. मग पुढचे आकडे: 4.1 भागिले 7.2, साधारण ०.५७. तेव्हा तांबड्या पेशी पांढऱ्यांच्या जवळपास ५७० पट होत्या. मात्र दोन्ही आकडे एकाच मापातले, इथे दर लिटरचे, असले पाहिजेत. प्लेटलेटचे 210 × 10⁹ तुलनेआधी 2.1 × 10¹¹ असे लिहून घ्यावे. पुढचा आकडा एक ते दहाच्या आत आणला की वरच्या आकड्यांची तुलना सरळ होते.

10¹² म्हणजे केवढे? आपला नाथसागर काठोकाठ भरला की त्यात सुमारे 2.9 × 10⁹ घनमीटर पाणी असते. एका घनमीटरमध्ये हजार लिटर, म्हणजे 2.9 × 10¹² लिटर. आमच्या भाचीच्या एक लिटर रक्तात 4.1 × 10¹² तांबड्या पेशी होत्या. भरलेल्या नाथसागरात जितके लिटर पाणी, त्यापेक्षा जास्त पेशी एका लिटर रक्तात!

एवढ्या पेशी एका लिटरमध्ये मावतात, कारण एकेक पेशी अतिशय लहान असते. रिपोर्टवर MCV नावाची ओळ असते. ती तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान सांगते. भाचीचे MCV होते 70 fL. fL म्हणजे फेम्टोलिटर, 10⁻¹⁵ लिटर. उणे घात म्हणजे तितक्या वेळा दहाने भागायचे. इथे नियम उलटा वाटतो: 10⁻⁶ हे 10⁻⁸ पेक्षा मोठे, कारण ते कमी वेळा भागलेले आहे. तांबडी पेशी सुमारे 7.5 × 10⁻⁶ मीटर रुंद असते, डेंग्यूचा विषाणू सुमारे 5 × 10⁻⁸ मीटर. म्हणजे पेशी विषाणूच्या दीडशे पट रुंद.

आता पेशींची संख्या आणि एकीचे आकारमान यांचा गुणाकार करू:

4.1 × 10¹² × 70 × 10⁻¹⁵ = 287 × 10⁻³ = 0.287

बारातून पंधरा गेले, उणे तीन उरले. याचा अर्थ, एक लिटर रक्तात तांबड्या पेशींनी ०.२८७ लिटर जागा व्यापली होती. रिपोर्टवर HCT च्या पुढे 28.7 टक्के लिहिले होते, तेच हे. हा मेळ बसला नाही, तर एखादा आकडा किंवा त्याचे एकक लिहिताना चुकले असण्याची शक्यता असते.

आमच्याकडे मेळ बसला, आणि खरी काळजीची गोष्ट तिथेच दिसली. MCV साधारण ८० ते १०० असावे लागते. भाचीचे ७० होते. हिमोग्लोबिन ८.९ होते, या वयात मुलींचे किमान १२ हवे. पेशी लहान आणि हिमोग्लोबिन कमी, हा रक्तक्षय होता. सगळे घर प्लेटलेटच्या मागे लागले होते, आणि महिनोन्महिने दम लागणाऱ्या, सारख्या थकणाऱ्या मुलीची ही ओळ कुणी वाचलीच नव्हती. पाचोडची आरोग्य व्यवस्थापन संस्था किशोरवयीन मुलींमधल्या रक्तक्षयावर काम करते, हे गावात सगळ्यांना ठाऊक. पण आपल्या घरातली मुलगी त्यात असेल असे आम्हाला वाटले नव्हते.

मात्र लहान पेशी म्हणजे लोहाची कमतरताच, असे घरी ठरवता येत नाही. थॅलेसेमियाचा अंश रक्तात असला तरी पेशी लहान दिसतात, आणि तिथे लोहाच्या गोळ्यांनी ते दुरुस्त होत नाही. डॉक्टरांनी फेरिटिनची तपासणी करून लोहच कमी असल्याची खात्री केली आणि मग गोळ्या सुरू केल्या.

तीन महिन्यांनी दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ११.८, MCV 79. प्लेटलेट 240 × 10⁹/L. मामू म्हणाले, "अरे, मागच्या वेळी तर तीन होता, आता नऊ कसा?"

भाचीने कागद हातात घेतला आणि म्हणाली, "मामू, तो थेंबाचा हिशोब होता, हा लिटरचा आहे."