खो मिळाला, पण पाय उशिरा उठला

खो-खोत पाटीवर बसलेल्या खेळाडूची परीक्षा एका क्षणात होते. मागून पाठीवर थाप पडते, ‘खो’ ऐकू येतो आणि त्याच क्षणी उठून पहिलं पाऊल टाकायचं असतं. खो मिळायच्या आत उठलं तर फाउल होतो. उठायला उशीर झाला तर पळणारी खेळाडू निसटते. ती सेकंदाला सहा मीटर वेगाने पळत असेल, तर सेकंदाच्या दहाव्या भागाएवढ्या उशिरात ती साठ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. म्हणजे जवळजवळ हाताच्या लांबीएवढं अंतर, आणि गडी बाद होणार की नाही हे तेवढ्यावरच ठरतं.

हा उशीर झाला की प्रशिक्षक सहसा म्हणतात, ‘लक्ष कुठे आहे?’ खरं तर आधी विचारायला हवं, ‘काल किती वाजता झोपलीस?’

दहावीतल्या एखाद्या खेळाडूचा दिवस डोळ्यांपुढे आणा. पहाटे पाचला उठून साडेपाचला मैदान, दुपारी शाळा, संध्याकाळी क्लास. रात्री जेवण, मग गृहपाठ, मग थोडा वेळ मोबाइल, आणि अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत साडेअकरा. झोप झाली साडेपाच तास. अमेरिकेतली झोपतज्ज्ञांची संस्था तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी आठ ते दहा तास झोप सांगते. आठ तास धरले तरी या मुलीला रोज अडीच तास कमी पडतात. सोमवार ते शनिवार या सहा रात्रींत पंधरा तासांची थकबाकी साचते आणि सामना नेमका रविवारी असतो.

कमी झोपलेला मेंदू दर वेळी सारखाच मंद होत नाही. प्रयोगशाळेत यासाठी एक साधी चाचणी घेतात. माणसाला पडद्यासमोर बसवतात. दोन ते दहा सेकंदांत कधीही आकडे दिसू लागतात आणि ते दिसताच बटण दाबायचं असतं. असं दहा मिनिटं चालतं. झोप पुरी झालेला माणूस साधारण पाव सेकंदात बटण दाबतो. अर्धवट झोपलेल्याचेही बरेचसे प्रतिसाद ठीकच येतात, पण मधूनच एखादा अर्धा सेकंद, कधी त्याहूनही उशिरा येतो. डोळे उघडे असतात, मेंदू मात्र तेवढ्यापुरता हजर नसतो. म्हणून अशी खेळाडू सरावात नऊ खो चपळाईने घेते आणि दहाव्याला पाटीवरच राहते. तिच्या सरासरीत फारसा फरक दिसत नाही. भरवसा मात्र राहत नाही, आणि सामना त्या एका खोवर जातो.

याहून काळजीची गोष्ट म्हणजे हे तिचं तिला कळत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी प्रौढांना सलग चौदा दिवस रोज चार, सहा किंवा आठ तास झोपू दिलं. चार आणि सहा तासवाल्यांची कामगिरी दिवसेंदिवस घसरतच गेली. पण ‘झोप येते का?’ या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरं पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलली नाहीत. थोडक्यात, कमी झोपेची सवय झाली असं वाटतं, प्रत्यक्षात ती झालेली नसते. ‘मला साडेपाच तास पुरतात’ असं एखादी मुलगी मनापासून सांगते तेव्हा ती खोटं बोलत नसते. तिचं मोजमाप बिघडलेलं असतं.

दुसरा फटका शरीराच्या भरपाईला बसतो. सरावात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होतात. त्या भरून आल्या की स्नायू बळकट होतो, आणि या कामाचा मोठा वाटा झोपेत उरकतो. वाढीच्या संप्रेरकाचा मोठा लोट रात्रीच्या पहिल्या भागातल्या गाढ झोपेत येतो. ऑस्ट्रेलियात 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात तरुणांना एक पूर्ण रात्र जागं ठेवलं, तेव्हा स्नायूंमध्ये नवी प्रथिनं बनण्याचा वेग सुमारे 18 टक्क्यांनी घटला. साडेपाच तासांची झोप म्हणजे अख्खी रात्र जागणं नव्हे, त्यामुळे हा आकडा तसाच या मुलीला लावता येणार नाही. पण दिशा तीच आहे. पोटऱ्या दोन दिवस दुखत राहणं, तोच सराव जास्त जड वाटणं, उगीच चिडचिड होणं, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की सराव वाढवण्याआधी झोप तपासावी.

दुखापतींचाही इथे संबंध दिसतो. लॉस एंजेलिसमधल्या 112 शालेय खेळाडूंच्या अभ्यासात, आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता 1.7 पट आढळली. कमी झोपेमुळेच दुखापत झाली, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. जास्त सराव करणारी मुलं कमी झोपत असतील आणि जास्त पडतही असतील. तरी पाऊल अर्धा क्षण उशिरा वळलं तर घोटा मुरगळतो, हे मैदानावर वावरणाऱ्या कुणालाही पटेल.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर तीस सेंटिमीटरची पट्टी पुरते. एकाने पट्टी उभी धरायची. दुसऱ्याने अंगठा आणि बोट शून्याच्या खुणेपाशी, पट्टीला न टेकवता ठेवायचं. न सांगता पट्टी सोडली की पकडायची. पंधरा सेंटिमीटरवर पकडली तर सुमारे 0.17 सेकंद लागले, वीसवर 0.20, तिसावर 0.25. रोज एकाच वेळी दहादा करा आणि सरासरीबरोबर सगळ्यात वाईट आकडाही लिहा. सुटीत पोटभर झोपलेल्या आठवड्यातले आकडे शाळेच्या आठवड्याशी ताडून पाहा. सरावाने आकडे थोडे सुधारतात आणि एवढ्या छोट्या चाचणीत दर वेळी चूक पकडली जाईलच असं नाही. म्हणून झोपेची वेळही वहीत लिहावी.

उपाय म्हणून एकट्या रविवारी दुपारपर्यंत लोळणं पुरेसं पडत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या बास्केटबॉल संघाच्या 2011 मधल्या प्रयोगात अकरा खेळाडूंना पाच ते सात आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं. त्यांची रोजची झोप पावणेदोन तासांहून जास्त वाढली, धावण्याची वेळ 16.2 सेकंदांवरून 15.5 वर आली आणि प्रतिक्रियाही जलद झाल्या. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही या प्रयोगाची मर्यादा. पण फायदा दिसायला आठवडे द्यावे लागतात, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

आपल्या दहावीतल्या खेळाडूपुरतं बोलायचं तर संध्याकाळी सहानंतर चहा-कॉफी बंद, गृहपाठाचा काही भाग दुपारी शाळेआधीच्या वेळेत, मोबाइल दहाला दुसऱ्या खोलीत, साडेदहाला दिवा बंद. याने तास वाढला. आठवड्यातल्या तीन दिवशी मैदान पहाटेऐवजी संध्याकाळी घेतलं आणि क्लासची वेळ बदलून घेतली, तर त्या रात्री ती साडेआठ तास झोपू शकते. हा दुसरा बदल तिच्या हातात नाही. वेळापत्रक प्रशिक्षक, शाळा आणि पालक ठरवतात. म्हणून त्यांना विनंती अशी की, हजेरीच्या वहीत रात्रीच्या झोपेचा एक रकाना वाढवा. ज्या दिवशी तिथे सहापेक्षा कमी आकडा असेल, त्या दिवशी तिला जोराच्या धावा आणि सूर मारायला लावू नका, हलका सराव देऊन घरी पाठवा.