गैरसमज टिकतो कसा आणि सुटतो कसा

प्रेमाच्या विनोदी कथेतला गैरसमज एका प्रश्नावर तपासता येतो: दोघांपैकी एकाने एक वाक्य सरळ बोलून टाकले, तर गोष्ट तिथेच संपेल का? बहुतेक वेळा संपतेच, आणि त्यात वावगे काही नाही. ते वाक्य न बोलण्याचे कारण मात्र त्या माणसाच्या स्वभावात आणि त्या घटकेच्या परिस्थितीत असावे लागते. ऐनवेळी दार वाजले, फोन बंद पडला असे अडथळे आले की प्रेक्षकाला लेखकाचा हात दिसतो.

एर्न्स्ट लुबिच यांचा १९४० चा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. बुडापेस्टमधल्या चामडी वस्तूंच्या दुकानात क्रालिक आणि क्लारा एकत्र काम करतात आणि एकमेकांना पाण्यात पाहतात. दोघेही एका अनोळखी व्यक्तीशी निनावी पत्रव्यवहार करत असतात, आणि ती व्यक्ती म्हणजे तेच दोघे. हा योगायोग मोठाच आहे. पण तो कथेच्या पायाशी आहे, म्हणून चालतो. गोष्ट अडचणीत येते ती योगायोगाने आणि सुटते ती माणसांच्या वागण्याने. हा क्रम उलटला की शेवट खोटा वाटू लागतो.

लुबिच हे गुपित शेवटपर्यंत ताणत नाहीत. दोघांची भेट ठरलेल्या संध्याकाळी क्रालिकचा मित्र कॅफेच्या खिडकीतून आत डोकावतो. खुणेचे पुस्तक आणि फूल घेऊन बसलेली मुलगी क्लाराच आहे, हे क्रालिकला तिथेच कळते. मग तो बोलत का नाही? त्याच दिवशी त्याची नोकरी गेलेली असते. तरी तो आत जातो, पण पत्रलेखक म्हणून नव्हे. आणि क्लारा त्याला तुच्छ कारकून म्हणून झिडकारते. अशा क्षणी ‘तो मीच’ असे कोणता स्वाभिमानी माणूस म्हणेल? त्याचे गप्प राहणे पटते ते यामुळे.

इथून पुढे गैरसमज एकट्या क्लाराचा उरतो. आता क्रालिकच्या मौनाला फसवणुकीचा वास लागू शकतो, आणि अशा कथा बहुधा इथेच घसरतात. या काळात जाणत्या पात्राने आपले वागणे बदलले, तरच त्याचे मौन सहन होते. पत्र आले नाही म्हणून खचलेल्या, आजारी क्लाराला क्रालिक भेटायला जातो. तिथे तिला पत्र मिळते आणि ती खुलते. आपल्या शब्दांचे तिच्या लेखी किती मोल आहे, हे तो समोर बसून पाहतो.

म्हणून नाताळच्या आदल्या संध्याकाळचा उलगडा ओढूनताणून आणलेला वाटत नाही. पत्रलेखक जाडा, टकला, बेकार आहे अशी थाप क्रालिक आधी मारतो, तिच्या मनातली प्रतिमा मोडतो आणि मग खुणेचे फूल स्वतःच्या कोटाला लावतो. चोरून ऐकलेले संभाषण नाही, चुकीच्या हाती पडलेली चिठ्ठी नाही. त्याआधी क्लाराने, सुरुवातीला आपल्याला तो आवडला होता, अशी कबुली दिलेली असते. ती नसती, तर तेच फूल तिला थट्टा वाटले असते.